कंदील लावतो आपण, उतरवतं कोण?

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे" आणि "काय म्हणतात ते" थोडे कमी केलेत.

आजचा विषय आहे आई-बाबांच्या घरची दिवाळीची सजावट. माझं घर मलकापूरला, मी नोकरीला पुण्यात. घरी दोघंच असतात. बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि आईचे गुडघे दुखतात. दरवर्षी मी धनतेरसच्या आधी पोचतो, कंदील टांगतो, माळा लावतो आणि भाऊबीज झाली की गाडी पकडतो. मला वाटायचं, आपण आपलं काम केलं.

पण हिशोब चुकत होता. आमच्याकडे कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत, कधी त्रिपुरारी पौर्णिमेपर्यंत राहतो. म्हणजे मी गेल्यावरही दहा-बारा दिवस. दोन वर्षांपूर्वी तो उतरवायला बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर चढले. खुर्चीचा पाय सरकला आणि पडताना त्यांनी हात टेकला. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. फोनवर मी रागावलो तर म्हणाले, "अरे, एका मिनिटाचं तर काम होतं."

तेव्हा लक्षात आलं की सजावट लावतानाच ती कोण काढणार, मधे दिवा गेला तर कोण बदलणार, हे ठरायला पाहिजे. आता आमचा नियम एकच आहे. घरातली कुठलीही सजावट जमिनीवर उभं राहून, हात खांद्याच्या वर न नेता लावता, बघता आणि काढता आली पाहिजे.

कंदील: कप्पी आणि दोरी

कल्पना नवीन नाही. पूर्वी आकाशदिवा उंच बांबूला दोरीने वर चढवायचे आणि तेल घालायला खाली घ्यायचे. मला ती सुचली पुण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत. छताला कपडे वाळवायचे दांडे असतात ना, दोरी सोडली की खाली येणारे? तेच सामान इथे चालतं. दोन छोट्या कप्प्या, नायलॉनची दोरी आणि भिंतीवर दोरी गुंडाळायचा दोन शिंगांचा हुक.

आमच्या पोर्चची उंची दहा फूट. एक कप्पी कंदिलाच्या जागी छताला, दुसरी भिंतीजवळ छताला, दोघींत चार फूट अंतर. गुंडाळायचा हुक भिंतीवर साडेतीन फुटांवर, म्हणजे बाबांच्या कमरेच्या जरा वर. कंदील दीड फुटाचा. त्याची कडी साडेचार फुटांवर आली की बाबा उभ्या उभ्या दिवा बदलू शकतात.

आता दोरी मोजूया. कंदील खाली असताना कडीपासून कप्पीपर्यंत साडेपाच फूट, आडवं चार फूट, दुसऱ्या कप्पीपासून हुकापर्यंत साडेसहा फूट. झाले सोळा. गाठींसाठी धरून वीस फूट घेतली. महत्त्वाचं म्हणजे दोरीचं मोकळं टोक हुकाला कायमचं बांधून टाकायचं. हात सुटला तरी कंदील साडेचार फुटांवर येऊन थांबतो, दोरी कप्पीतून निघून जात नाही. ती निघून गेली, तर परत ओवायला कुणीतरी खुर्चीवर चढणार, म्हणजे सगळं मुसळ केरात.

वजन दोरीवर असलं पाहिजे, वायरवर कधीच नाही. छतापासून कंदिलापर्यंत वायर साडेपाच फूट मोकळी ठेवली. कंदील वर गेला की तिचा झोळ पडतो, पण त्याचा तळ पावणेसात फुटांवर राहतो, डोक्याला लागत नाही. कप्प्यांचे हुक मात्र स्लॅबमध्ये नीट बसवून घ्या. पीओपीच्या छताला लावले तर निघून येतील. दर दिवाळीला लावताना कप्पीपाशी घासली जाणारी दोरी बघायची. तिथे लव सुटलेली दिसली तर दोरी बदलायची.

चालू-बंद कोण करणार?

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. पहिल्या वर्षी मोबाईलवरून चालणारा प्लग आणला. एकदा लाईट गेली, आल्यावर वायफाय काही जोडलं गेलं नाही आणि मी पुण्यात बसून "ऑफलाईन" बघत राहिलो. मग चकतीचा टायमर आणला. तो विजेवरच फिरतो, त्यामुळे लाईट तासभर गेली की तोही तासभर मागे पडतो. आठवड्यात कंदील रात्री नऊला लागायला लागला.

शेवटी अंधार पडला की आपोआप लागणारा सेन्सर बसवला. त्यात घड्याळच नाही, त्यामुळे चुकायला काही नाही. एकच काळजी घ्यायची, कंदिलाचा उजेड सेन्सरवर पडता कामा नये. पडला तर त्याला दिवस उजाडला असं वाटतं, तो दिवा बंद करतो, लगेच अंधार होतो, परत लावतो. रात्रभर उघडझाप. आम्ही तो खांबाच्या मागच्या बाजूला लावला.

आत पाच वॅटचा एलईडी दिवा आहे. बारा तास जळला तरी वीस दिवसांत एक-सव्वा युनिट होतं. जुना साठ किंवा शंभरचा बल्ब कागदी कंदिलात घालू नका, कागद तापतो. आणि लुकलुकणाऱ्या माळा पायऱ्यांजवळ नकोत. सावली सारखी हलली की पायरीची कड नीट कळत नाही. पायरीवर स्थिर उजेडच हवा.

जमिनीवरचं सगळं वर

कंदिलाचं जमलं, पण पुढच्या वर्षी आई घसरता घसरता वाचली. कारण होतं रांगोळी. गुळगुळीत फरशीवर कोरडी रांगोळी म्हणजे पायाखाली बारीक वाळूच. त्यात पणतीचं तेल सांडलं तर विचारूच नका.

म्हणून आता रांगोळी दारासमोर नाही, तर दोन फूट बाय दोन फुटांच्या प्लायवर. त्याला गेरूसारखा रंग देऊन ठेवलाय. आई टेबलाशी खुर्चीवर बसून काढते आणि मग मी किंवा शेजारचा मुलगा तो दाराच्या बाजूला, ये-जा नसलेल्या कोपऱ्यात ठेवतो. तिसऱ्या दिवशी फळी झटकली की झालं, वाकून फरशी पुसायची गरज नाही.

पणत्याही पायऱ्यांवरून उठल्या. पायरीवरच्या पणतीला साडीचा काठ लागायची भीती, शिवाय लावायला वाकावं लागतं. आता एका मोठ्या पितळी परातीत तळाला बोटभर वाळू आणि त्यावर पाच पणत्या. परात कमरेएवढ्या उंच कट्ट्यावर, पडद्यापासून लांब. तेल सांडलं तर वाळूत जिरतं.

आईची सुरुवातीला तक्रार होती, "उंबरठ्यावर एकही पणती नाही, हे कसलं घर?" तिचंही बरोबर होतं. मग तोडगा निघाला. लक्ष्मीपूजनाला उंबरठ्याच्या एका टोकाला एक पणती, ती मी लावतो आणि विझेपर्यंत तिथेच खुर्ची टाकून बसतो.

गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर दुसऱ्या दिवशी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. कॅमेरा उलटा, अर्ध्या फ्रेममध्ये अंगठा. दोरी सोडली, कंदील हळूहळू खाली आला, त्यांनी तो घडी घालून पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "बघ, आता खरंच एका मिनिटाचं काम आहे."