दुकानाची रजा पॉलिसी रेल्वे बुकिंगच्या तारखेवरून लिहा

रजेची पॉलिसी लिहायला बसलं की बहुतेक दुकानदार आधी आकडा ठरवतात. वर्षाला बारा द्यायच्या का पंधरा? माझ्या मते हा प्रश्न सोपा आहे, कारण त्याचं उत्तर बरंचसं कायद्यातच आहे. खरी मारामारी होते ती गणपतीला आणि दिवाळीला. तिथे किती रजा शिल्लक आहे याला फार अर्थ नसतो. कोण कधी जाणार आणि ते किती आधी कळणार, यावर दुकान चालतं.

आधी आकडा उरकून टाकू. आपल्याकडे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ आहे. त्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत. त्या तिमाहीने खात्यात जमा होतात आणि वर्षअखेर उरल्या तर संपतात. शिवाय ज्याने कॅलेंडर वर्षात २४० दिवस काम केलं, त्याला प्रत्येक २० दिवसांच्या कामामागे १ दिवस अर्जित रजा पुढच्या वर्षी मिळते. ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. साप्ताहिक सुट्टी आणि सणांच्या ८ पगारी सुट्ट्या वेगळ्या. हा कायदा मुळात १० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठी आला. कामगारांच्या संख्येची अट बदलत असते, त्यामुळे आज तुमचं दुकान त्यात बसतं की नाही हे कन्सल्टंटला विचारून घ्या. बसत नसेल तरी हेच आकडे धरा. पोरं बाजूच्या मोठ्या दुकानाशी तुलना करतातच.

आता रजा जमा कशी करायची ते बघू. एक माणूस धरा. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ८ सणाच्या आणि साधारण २० रजा गेल्या. राहिले २८५ कामाचे दिवस. भागिले २०, म्हणजे १४ अर्जित रजा. मी सुचवतो की वर्ष संपायची वाट न बघता हजेरीवरून दर महिन्याला हिशोब दाखवावा, कारण आकडा डोळ्यासमोर असला की माणूस रजा आखून घेतो. फक्त दर महिन्याला १.२, १.३ असे तुकडे मांडू नका, वर्षाच्या शेवटी बेरजेवरून वाद होतात. १ जानेवारीपासूनचे कामाचे एकूण दिवस घ्या आणि त्याला २० ने भागा. शीटमध्ये B2 मध्ये एकूण कामाचे दिवस, C2 मध्ये घेतलेली अर्जित रजा आणि D2 मध्ये मागच्या वर्षातून आलेली रजा ठेवा:

```
=INT(B2/20)-C2+D2
```

हा आकडा दर महिन्याच्या पगाराच्या स्लिपवर किंवा पाकिटावर लिहायचा. एवढं केलं तरी 'माझ्या किती राहिल्या शेठ?' हा प्रश्न बंद होतो.

पुढच्या वर्षात नेण्याची मर्यादा मात्र जपून ठरवा. साठलेली रजा म्हणजे उधारी आहे. महिना १५,६०० पगाराच्या माणसाचा रोज, २६ दिवसांनी भागून, ६०० रुपये होतो. त्याच्या ४५ रजा साठल्या तर २७,००० रुपये. आठ माणसांच्या तेवढ्याच साठल्या तर २,१६,००० रुपये. माणूस सोडून जातो त्या दिवशी हा पैसा समोर उभा राहतो. कायदा लागू असेल तर ४५ पेक्षा कमी मर्यादा घालता येत नाही. लागू नसेल तर २० दिवस पुरेत, आणि वरच्या रजेचे पैसे जुलैमध्ये द्यावेत. दिवाळीत नकोत, त्या महिन्यात बोनस असतो आणि मालाचं पेमेंटही असतं. अर्थात पैसे देण्यापेक्षा रजा वापरायला लावणं केव्हाही स्वस्त. कपड्याच्या धंद्यात आषाढ आणि पितृपक्ष हे त्यासाठी चांगले दिवस, कारण तेव्हा गिऱ्हाईक तसंही कमी असतं.

किरकोळ रजेची एक गंमत सांगतो. ३१ डिसेंबरला ती संपते म्हणून डिसेंबरमध्ये सगळे एकदम मागतात, आणि डिसेंबर म्हणजे लग्नसराई! रजिस्टर उघडून बघा. वर्षातल्या किरकोळ रजांपैकी तीन-चार शेवटच्या महिन्यात गेलेल्या दिसल्या, तर ती माणसाची खोड नाही, वर्षअखेरीच्या तारखेचा परिणाम आहे. म्हणून १ जुलैला आणि पितृपक्ष सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला शिल्लक सांगायची, आणि डिसेंबरमध्ये एका माणसाला दोनच किरकोळ रजा मिळतील असं पॉलिसीत आधीच लिहायचं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. डोंबिवलीतलं कपड्याचं दुकान धरू. आठ माणसं आहेत. काउंटरला सहा, एक कॅशियर, एक गोडाऊन सांभाळणारा. सहांपैकी चौघे कोकणातले, दोघे बिहारचे. कोकणातल्या चौघांना गणपतीला गावी जायचंय, बिहारच्या दोघांना छठला. यातल्या कुणालाही 'नाही' म्हणून उपयोग नाही. नाही म्हटलं तर तो माणूस आजारी पडतो, दरवर्षी त्याच आठवड्यात. तुमच्या रजिस्टरमध्ये असे योगायोगाचे आजार दिसले, तर नकार लोकांनी मनावर घेणं बंद केलंय असं समजा.

इथे एक तारीख सगळं ठरवते. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. दोन दिवस आधी निघायचं तर बुकिंग १४ जुलैच्या आसपास उघडतं. म्हणजे तुमच्या माणसाला आपली रजा मंजूर आहे की नाही हे १४ जुलैच्या आत कळलं पाहिजे. ऑगस्टमध्ये मंजुरी देऊन काय होणार? तोपर्यंत तो तिकीट काढून बसलाय आणि आता माघार घेणार नाही, किंवा त्याला तिकीट मिळालेलं नाही आणि तो एसटीची वाट बघत चार दिवस घालवणार. छठचंही तसंच. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. भाऊबीजेला निघायचं तर बुकिंग १२ सप्टेंबरच्या आसपास उघडेल, ऐन गणपतीच्या गडबडीत. म्हणून गणपतीच्या रजेचे अर्ज ३० जूनपर्यंत आणि उत्तर ५ जुलैला. दिवाळी-छठचे अर्ज ३१ ऑगस्टपर्यंत आणि उत्तर ५ सप्टेंबरला. या चार तारखा पॉलिसीच्या पहिल्या पानावर, ठळक.

उत्तर कसं ठरवायचं? आधी किमान माणसं लिहा. या दुकानाला गणपतीच्या आठवड्यात काउंटरला तीन, कॅशियर आणि गोडाऊन एवढं लागतं. म्हणजे काउंटरचे एका वेळी तिघे जाऊ शकतात. मागणारे चार. अशा वेळी 'पहिला अर्ज आला त्याला पहिली रजा' हा नियम मला पटत नाही. त्यात जो मोबाईलवर लवकर मेसेज टाकतो तो जिंकतो, आणि १ जानेवारीलाच वर्षभराचे अर्ज येऊन पडतात. त्यापेक्षा अर्जात एक प्रश्न विचारा: तुमच्या घरी गणपती किती दिवसांचा? एकाकडे दीड दिवसाचा असतो, तो पाचव्या दिवशी परत कामावर येऊ शकतो. दोघांकडे गौरी-गणपती, त्यांना सात-आठ दिवस हवेत. चौथ्याकडे अनंत चतुर्दशीपर्यंत. दीड दिवसवाला परत आला की चौथा निघतो. मूर्ती आणायला तो नसेल, पण विसर्जनाला असेल. पुढच्या वर्षी त्याचा नंबर पहिला, हे त्याच दिवशी रजिस्टरमध्ये त्याच्यासमोर लिहायचं. तोंडी आश्वासन दुसऱ्या वर्षी कुणालाच आठवत नाही. दोघांचे दिवस अगदी सारखे आले तर मागच्या वर्षी ज्याला मिळाली तो मागे. तिथेही बरोबरी झाली तर सगळ्यांसमोर चिठ्ठी. आपापसात अदलाबदल करायची असेल तर करू द्या, फक्त दोघांची सही आणि तुमची सही.

दिवाळीत मात्र किमान माणसं आठपैकी आठच. लक्ष्मीपूजनाआधीचे पंधरा दिवस अर्जित रजा नाही, हे सरळ लिहा. पण 'कोणतीही रजा नाही' असं लिहू नका. घरात मृत्यू, हॉस्पिटलात भरती, अपघात, एवढ्यासाठी किरकोळ रजा चालू ठेवायची आणि पुरावा परत आल्यावर मागायचा. दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला फोनवर कागद मागू नये. या पंधरा दिवसांत साप्ताहिक सुट्टीला कुणाला बोलावलं तर तिची बदली सुट्टी कुठल्या तारखेला, हे बोलावतानाच लिहून द्यायचं. आणि छठ? भाऊबीज झाल्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत दुकान तसंही शांत असतं, लग्नाची खरेदी त्यानंतर उघडते. बिहारच्या दोघांना एकदम दहा-बारा दिवस द्यायला हीच जागा. गर्दीचे पंधरा दिवस पूर्ण भरलेल्याला या दिवसांत पहिली पसंती, असाही नियम ठेवता येतो.

मंजुरी एकाच माणसाची असावी. वहिनींनी हो म्हटलं आणि शेठना माहीतच नाही, असं व्हायला नको. गर्दीचे दिवस सोडून साध्या रजेचा अर्ज १५ दिवस आधी, आणि तीन दिवसांत उत्तर दिलं नाही तर रजा मंजूर धरायची. ही अट मालकाला टोचते, पण उत्तर न देणं हाच नकार समजायची सवय तिने मोडते. शिवाय १५ दिवस आधी मागितलेली अर्जित रजा नाकारली तर ४५ च्या वरच्या रजेचे पैसे मागायचा हक्क कायद्याने कामगाराला दिलाय. म्हणून नकार द्यायचा तर लेखी, कारणासकट आणि पर्यायी तारखेसकट. कॅशियरची रजा मंजूर करताना एक जास्तीची अट ठेवा. बदलीवर बसणाऱ्याने त्याआधी दोन दिवस त्याच्याबरोबर गल्ला बंद केलेला असला पाहिजे. आणि तुमचा मेहुणा किंवा भाचा दुकानात असेल तर त्याचं नावही त्याच रजिस्टरमध्ये, त्याच रांगेत.

शेवटची भानगड म्हणजे गावी गेलेला माणूस चार दिवस उशिरा येणं. मंजुरी देताना परतीच्या तिकिटाची तारीख लिहून घ्या. परतीचं तिकीट वेटिंगवर असेल तर त्याच वेळी एक दिवस जास्तीचा धरून रजा मंजूर करा, म्हणजे तुमचं वेळापत्रकही त्याप्रमाणे बसतं. त्याहून उशीर झाला आणि फोन आला, तर तेवढे दिवस शिल्लक अर्जित रजेतून वळते करायचे. फोनच आला नाही तर बिनपगारी, आणि पुढच्या वर्षीच्या गणपतीच्या रांगेत त्याचा नंबर शेवटी. हे दोन्ही ३० जूनच्या अर्जावरच छापलेलं असावं, खाली त्याची सही घ्यायच्या जागेच्या अगदी वर.