पन्नास ग्रॅम गॅसच्या फेऱ्या

तुमच्याकडे साधा, एका दाराचा फ्रिज असेल तर एक काम करा. कॉम्प्रेसरचा घुंऽऽ असा आवाज चालू असताना फ्रिजच्या बाहेरच्या बाजूला तळवा टेकवून पाहा. गरम लागेल. तिथे नाही लागलं, तर मागे काळी जाळी असेल, ती गरम असते. (मागे हात घालायचा तर मोठ्यांना विचारून.) आता गंमत बघा. आतलं दूध थंड झालं आणि बाहेरचा पत्रा गरम झाला. दुधातली उष्णता कुठे नाहीशी झाली नाही. ती या पत्र्यातून तुमच्या तळव्यापर्यंत आली. फ्रिज थंडावा तयार करतच नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो, एवढंच त्याचं काम.

पण ती उचलून आणतं कोण?

कॉम्प्रेसरवरचं लेबल वाचलंत, तर हल्लीच्या बऱ्याच फ्रिजवर ‘आर-६००ए’ असं काहीतरी दिसेल. शेजारी पिवळ्या त्रिकोणात काळी ज्योत. हे आयसोब्युटेनचं टोपणनाव. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये जो ब्युटेन असतो, त्याचा हा सख्खा भाऊ: अणू तितकेच, फक्त मांडणी वेगळी. म्हणजे हा पेटणारा गॅस आहे, आणि ज्योतीचं चित्र त्याचसाठी. घाबरू नका, घरच्या फ्रिजमध्ये तो साधारण पन्नास ग्रॅमच असतो. मूठभर शेंगदाण्यांएवढं वजन! तेवढाच गॅस वर्षानुवर्षं बंद नळ्यांमधून फिरत राहतो. तो संपत नाही आणि जळतही नाही.

आता मुख्य गोष्ट. इंजेक्शनच्या आधी डॉक्टर दंडावर स्पिरिट लावतात तेव्हा गार लागतं ना? स्पिरिटची वाफ होताना ते कातडीतली उष्णता घेऊन जातं. द्रवाची वाफ व्हायची तर त्याला उष्णता लागतेच, आणि जवळ जे असेल त्याच्याकडून तो ती घेतो. आयसोब्युटेनही तेच करतो, फक्त पाण्यासारखा शंभर अंशांची वाट पाहत बसत नाही. आपल्या आजूबाजूला हवेचा जेवढा दाब असतो, त्या दाबाला तो उणे १२ अंश सेल्सिअसलाच उकळतो. दाब आणखी कमी केला, म्हणजे हवेच्या दाबाच्या निम्म्याहून थोडा जास्त ठेवला, तर उणे २५ अंशांना. फ्रीझरच्या भिंतीत लपलेल्या नळ्यांमध्ये नेमकं हेच चाललेलं असतं. तिथे आयसोब्युटेन अक्षरशः उकळत असतो, पण इतक्या थंडीत की त्याच्यापुढे बर्फसुद्धा ऊबदार. म्हणून बर्फ त्याला उष्णता देतो, भाजी देते, दूधही देतं.

उकळून झालेली वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो. हाच त्या घुंऽऽ आवाजाचा मालक, मागे खाली बसलेला काळा गोळा. तो वाफ दाबतो, हवेच्या दाबाच्या जवळजवळ सहापट. दाबलेली वाफ चांगलीच तापते आणि बाजूच्या पत्र्यातल्या किंवा मागच्या जाळीतल्या नळ्यांत शिरते. आता दाब वाढल्यामुळे तिचे नियमच बदललेले असतात. उणे २५ला उकळणारा हा पदार्थ इतक्या दाबाखाली ४५ अंशांनाच परत द्रव व्हायला तयार असतो. खोलीची हवा ३० अंशांची. म्हणजे वाफेच्या मानाने खोली गारच! वाफ आपली उष्णता खोलीला देऊन टाकते आणि द्रव होते. तुमच्या तळव्याला लागली ती हीच ऊब.

तर द्रव तयार आहे, पण दाब जास्त आहे. त्याला परत फ्रीझरमध्ये पाठवायचं तर दाब उतरवायला हवा. इथे फ्रिजमधला माझा सगळ्यात आवडता भाग येतो: कॅपिलरी. तांब्याची दोन-तीन मीटर लांब नळी, पण आतलं भोक एक मिलिमीटरहूनही बारीक. हलणारा एकही भाग नाही. एवढ्या अरुंद वाटेतून घासत जाताना द्रवाचा दाब उतरतो. नळीतून बाहेर पडताच त्याला ‘कळतं’ की या दाबाला आपण फारच गरम आहोत. लगेच त्याचा काही भाग उकळतो, त्यासाठीची उष्णता उरलेल्या द्रवातूनच घेतो आणि सगळा माल झटकन उणे २५वर येतो. फेरी पूर्ण.

आता दुधाचा हिशोब करू. एक लिटर दूध ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायचं, तर त्यातून सुमारे १०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. कॅपिलरीतून आलेल्या थंड द्रवाची वाफ होताना प्रत्येक ग्रॅम साधारण ०.२८ किलोज्यूल उष्णता उचलतो. भागाकार केला तर साडेतीनशे ग्रॅम आयसोब्युटेन उकळायला हवा. आपल्याकडे तर पन्नासच! म्हणून त्या पन्नास ग्रॅमला, फक्त दुधासाठी, सात फेऱ्या माराव्या लागतात. तेच दूध ८० अंशांचं, वाफाळतं ठेवलंत तर? फेऱ्या एकवीस. ‘दूध निवू दे, मग आत ठेव’ असं आजी म्हणते ते उगाच नाही.

बिघाड झाला की या फेऱ्याच अडतात. मेकॅनिककाका आल्याआल्या बाजूच्या पत्र्याला हात लावतात, ते नीट पाहा. कॉम्प्रेसर घुमतोय, पण पत्रा गारच, तर उष्णता बाहेर येतच नाहीये. मग ते फ्रीझर पाहतात. एका कोपऱ्यातच बर्फ आणि बाकी भिंत कोरडी, म्हणजे बहुधा गॅस कमी झालाय. कधी नळ्यांत ओलावा राहिलेला असतो. कॅपिलरीच्या टोकाला पाण्याचा कण गोठतो आणि वाट बंद होते. फ्रिज बंद ठेवला की बर्फ वितळतो, पुन्हा चालू होतो, थोड्या वेळाने पुन्हा तेच! ओलावा पकडायला कॅपिलरीच्या आधी एक छोटा ड्रायर बसवलेला असतो. गॅस नव्याने भरताना तोही बदलतात.

गळतीचीही एक उलटी तऱ्हा आहे. फ्रीझरच्या नळ्यांत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, आठवतंय? म्हणून तिथे बारीक भोक पडलं, तर कॉम्प्रेसर चालू असताना गॅस बाहेर येत नाही, बाहेरची दमट हवाच आत शिरते. गॅस निसटतो तो कॉम्प्रेसर थांबल्यावर, नळ्यांतला दाब वाढला की.

वीज जाऊन लगेच आली, तर बाबा फ्रिज चालू करायला थोडं थांबतात. कॉम्प्रेसर थांबला तरी कॅपिलरीतून द्रव झिरपत असतो. शांत घरात कान लावलात तर बुडबुड ऐकू येते. त्यामुळे दोन्हीकडचा दाब सारखा व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधी बटण दाबलं तर मोटरला सहापट दाबाविरुद्ध एकदम जोर लावावा लागतो. ती अडते, तापते, आणि तिला वाचवणारा छोटा स्विच ‘टक्’ करून तिची वीज तोडतो. मग मोटर निवेपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नाही.