वारा तारेत किती वॅट भरतो?

उच्चदाबाच्या वीजवाहिनीखालून जाताना टॉवरजवळ नीट पाहिलं, तर इन्सुलेटरच्या माळेपासून मीटर-सव्वामीटर अंतरावर प्रत्येक तारेला खालून डंबेलसारखं काहीतरी अडकवलेलं दिसतं. पोलादी दोराचा आखूड तुकडा आणि त्याच्या दोन टोकांना दोन वजनं. याला स्टॉकब्रिज डॅम्पर म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या वीज कंपनीत काम करणाऱ्या जॉर्ज स्टॉकब्रिज या अभियंत्याने १९२०च्या दशकात तो शोधला. विजेशी त्याचा काही संबंध नाही. तारेतून धावणारी दुसरीच एक शक्ती खाणं, एवढंच त्याचं काम.

ही शक्ती वाऱ्याकडून येते, आणि तीही वादळातून नव्हे. सेकंदाला एक ते सात मीटर वेगाचा, एकसारखा वाहणारा मंद वारा तारेवरून गेला की तिच्या मागे एकदा वरून, एकदा खालून असे भोवरे सुटतात आणि प्रत्येक भोवरा तारेला बारीकसा हिसका देतो. हिसक्यांची वारंवारता काढायचा नियम सोपा आहे : वाऱ्याच्या वेगाला तारेच्या व्यासाने भागा आणि ०.२ने गुणा. आपल्याकडे ४०० केव्हीच्या वाहिन्यांवर ‘मूस’ नावाची तार सर्रास वापरतात. आत पोलाद, बाहेर ॲल्युमिनियम, व्यास जवळपास ३२ मिलिमीटर. ४ मीटरच्या वाऱ्यात ती सेकंदाला सुमारे २५ वेळा वरखाली थरथरते. जमिनीवरून हे दिसत नाही, कारण थरथर मिलिमीटरांतली असते.

आता या थरथरीतून किती ऊर्जा वाहते ते पाहू. तारेवरचा कोणताही एक बिंदू घ्या. त्याच्या डावीकडची तार उजवीकडच्या तारेला ओढते आहे. लाट येते तेव्हा तार तिथे किंचित तिरकी होते आणि ताणाचा थोडा भाग वरखाली ओढू लागतो. तिरकेपणा जितका जास्त, तितकी ही आडवी ओढ मोठी. त्याच वेळी तो बिंदू वरखाली सरकतोही आहे. ओढ गुणिले सरकण्याचा वेग म्हणजे डावीकडून उजवीकडे जाणारी शक्ती.

आयाम, म्हणजे मूळ जागेपासून तार जास्तीत जास्त किती हलते ते अंतर, दुप्पट केला तर तिरकेपणा दुप्पट होतो आणि वेगही दुप्पट होतो. दोन्हींचा गुणाकार चौपट. आयाम तसाच ठेवून वारंवारता दुप्पट केली तर? लाटेचा पुढे जायचा वेग बदलत नाही. तो ताण आणि मीटरमागचं वजन यांवरच ठरतो. त्यामुळे लाटेची लांबी निम्मी होते, तेवढीच उंची निम्म्या लांबीत बसवायची म्हणून तिरकेपणा दुप्पट. वेळही निम्माच मिळतो, म्हणून वेगही दुप्पट. पुन्हा चौपट. शक्ती आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि वारंवारतेच्याही वर्गाच्या प्रमाणात वाढते, ती यामुळे. पाठ्यपुस्तकात हा वर्ग नुसता सूत्रात येऊन बसतो आणि मुलं तो पाठ करतात. तो दोन दुपटींमधून येतो, हे एकदा दिसलं की पाठ करायची गरज उरत नाही.

शक्ती मात्र सतत सारखी वाहत नाही. प्रत्येक कंपनात दोनदा ती शिखर गाठते आणि दोनदा शून्यावर येते. सरासरी शिखराच्या बरोबर निम्मी :

P = 2π² μ v f² A²

μ म्हणजे मीटरमागचं वस्तुमान, v लाटेचा वेग, f वारंवारता, A आयाम. ‘मूस’ मीटरला सुमारे २ किलो भरते. ती ३५ हजार न्यूटनच्या ताणाने बांधली असेल, तर लाट सेकंदाला १३२ मीटर धावते. २५ हर्ट्झ आणि १ मिलिमीटर आयाम घातला की उत्तर येतं ३.३ वॅट. आयाम २ मिलिमीटर झाला तर १३ वॅट. आयाम १ मिलिमीटरच ठेवून वारंवारता ५० केली तरी १३ वॅट. ज्या तारेतून शेकडो मेगावॅट वीज जाते, तिला धोका या चार-दोन वॅटांचा, ही गंमतच आहे.

धोका होतो तो क्लॅम्पपाशी. तिथे तार जखडलेली, म्हणून सरकण्याचा वेग शून्य. ओढ कितीही असली तरी शून्याने गुणल्यावर क्लॅम्पकडे शक्ती जातच नाही. आलेली सगळी लाट परत फिरते. पण वाकणं-उलटवाकणं तिथेच सर्वांत जास्त होतं. २५ हर्ट्झ म्हणजे दिवसभरात २१ लाख ६० हजार वेळा. ॲल्युमिनियमच्या बारीक तारा एकमेकींवर घासतात, त्यांना तडा जातो आणि क्लॅम्पच्या आत एकेक तुटत जाते. बाहेरून वाहिनी ठणठणीत दिसत राहते.

येणारी आणि परतणारी लाट मिळून तारेवर स्थिर कंपनाचे फुगवटे तयार होतात. डॅम्पर नसेल तर दोन फुगवट्यांमधला बिंदू जवळजवळ निश्चल असतो. डॅम्परने थोडी शक्ती खाल्ली की परतणारी लाट लहान होते, आणि मग तो बिंदूही थोडा हलू लागतो. प्रयोगशाळेत याचा फार सुरेख उपयोग करतात. समजा, फुगवट्याच्या मध्यावर आयाम ४ मिलिमीटर आणि ‘निश्चल’ बिंदूवर ०.४ मिलिमीटर भरला. याचा अर्थ येणारी लाट २.२ची आणि परतणारी १.८ची : बेरीज ४, वजाबाकी ०.४. दोन्हींच्या वर्गांतला फरक १.६ येतो, आणि तो ४ गुणिले ०.४ इतकाच आहे! म्हणजे दोन ठिकाणचे आयाम मोजून गुणले की काम झालं. सूत्रात A² च्या जागी १.६ घाला : डॅम्पर ५.२ वॅट खातो आहे. ही शक्ती त्याच्या पोलादी दोरातल्या पदरांच्या घर्षणात उष्णता होऊन जाते.

डॅम्पर नसतानाही आयाम बेसुमार वाढत नाही. कंपन तारेच्या व्यासाच्या घरात पोचलं की भोवऱ्यांची शिस्त मोडते आणि वारा द्यायची शक्तीच कमी होते. पण तारा तुटायला त्याहून बरंच कमी कंपन पुरतं. शिवाय तार जितकी ताणून बांधाल, तितके तिचे पदर एकमेकांवर कमी घसरतात, आणि स्वतःची थरथर स्वतःच शमवायची तिची ताकद घटते.

म्हणून डॅम्परची जागा महत्त्वाची. आपल्या उदाहरणात २५ हर्ट्झला एक फुगवटा २.६ मीटर लांब. क्लॅम्पपासून १.२ मीटरवरचा डॅम्पर फुगवट्याच्या जवळजवळ मध्यावर येतो, आणि भरपूर हलतो. वारा सेकंदाला ७ मीटर झाला की फुगवटा दीड मीटरचा होतो, तरी डॅम्पर त्याच्या आतच राहतो. पण बोल्ट सैल पडून डॅम्पर घरंगळत २.६ मीटरवर गेला, तर ४ मीटरच्या वाऱ्यात तो नेमका निश्चल बिंदूवर जाऊन बसतो. तिथे सरकण्याचा वेग नाही, म्हणून जवळजवळ काहीच खात नाही. तारेवर डॅम्पर आहे, पण टॉवरपासून भलताच दूर, असं दिसलं की अनुभवी लाइनमन आधी क्लॅम्प उघडून आतले पदर तपासतो, आणि मगच डॅम्पर जागेवर आणतो.