आईचं घड्याळ रात्रीत चिनी का झालं?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना फोनच्या पडद्यावरची चिनी अक्षरं दाखवता येत नाहीत, त्यामुळे हा भाग खरंतर ऐकण्यापेक्षा वाचण्याचाच आहे. ती अक्षरं इथे जशीच्या तशी दिली आहेत.

गोष्ट आईची आहे. आई कराडला, मी पुण्यात. सेलमध्ये एक स्वस्तातलं स्मार्टवॉच घेतलं आणि तिला पाठवलं. पावलं मोजता येतील आणि सकाळी आठला बीपीच्या गोळीची आठवण होईल, एवढाच उद्देश. रविवारी व्हिडिओ कॉलवर मी सांगत गेलो, ती करत गेली. डब्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला, ॲप उतरवलं, उघडलं, आणि अथपासून इतिपर्यंत सगळं चिनी.

मी सगळे करतात तेच केलं. म्हटलं, "आई, फोनची भाषा इंग्रजी कर." तिने केली. ॲप इंग्रजी झालं, घड्याळही इंग्रजी झालं. गोळीचं रिमाइंडर लावलं. मग आई म्हणाली, "आता माझा फोन परत मराठी कर बाबा, मला काही सापडत नाही यात." केला परत मराठी. काम झालं असं समजून मी फोन ठेवला.

बुधवारी सहज विचारलं, "गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?" तर म्हणे, "दोन दिवस राहिली. घड्याळात काहीतरी चिनी जाहिरात येते सकाळी, मी सरकवून टाकते." ती जाहिरात नव्हती. 吃药提醒 असं लिहून येत होतं, म्हणजे 'औषध घेण्याची आठवण'. घड्याळ आपलं काम चोख करत होतं, पण आईला न येणाऱ्या लिपीत.

मराठी फोनवर ॲप चिनी का उघडतं?

मी रोज ॲपच बनवतो, तरी हे मला आधी सुचलं नाही याची लाज वाटली. त्या ॲपची फाइल अँड्रॉइड स्टुडिओत उघडून पाहिली आणि कोडं सुटलं. अँड्रॉइड ॲपमधली सगळी वाक्यं भाषेनुसार वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेली असतात. या ॲपमध्ये साधारण असं होतं:

```
res/values/      中文
res/values-en/   English
```

पहिल्या फोल्डरच्या नावात भाषा लिहिलेली नाही, ते डिफॉल्ट. फोन म्हणतो, "मला मराठी दे." ॲपकडे मराठी नाही. मग फोनच्या यादीत दुसरी भाषा असेल तर ती बघितली जाते. ती नसेल तर डिफॉल्ट. आपल्याकडच्या ॲपमध्ये डिफॉल्ट सहसा इंग्रजी असतं, त्यामुळे मराठी फोनवर ॲप गुपचूप इंग्रजीत उघडतं आणि आपल्याला काही जाणवत नाही. इथे बनवणारा चिनी, म्हणून त्याचं डिफॉल्ट चिनी. ॲपमध्ये इंग्रजी होतं, पण फोनने ते मागितलंच नव्हतं.

आता दुसरा प्रश्न. रविवारी इंग्रजी झालेलं घड्याळ परत चिनी कसं झालं? अशा बऱ्याच घड्याळांना स्वतःची भाषा ठरवायचा अधिकार नसतो. ब्लूटूथने जोडणी झाली की ॲप घड्याळाला वेळ पाठवतं, आणि त्यासोबत भाषेचा एक कोडही पाठवतं. हे एकदाच होत नाही, प्रत्येक जोडणीला होतं. आई फोन घरात ठेवून फिरायला गेली, जोडणी तुटली. परत आली, जोडणी झाली. तोवर फोन मराठी झालेला होता, म्हणून ॲपने घड्याळाला 'चिनी' असा निरोप दिला. म्हणजे फोनची भाषा थोडा वेळ बदलून परत फिरवायची युक्ती जेमतेम पुढच्या जोडणीपर्यंत टिकते.

खरा उपाय: मराठीच्या खाली इंग्रजी

फोन मराठीच राहू द्या. फक्त भाषांच्या यादीत मराठीच्या खाली इंग्रजी जोडा. अँड्रॉइड ७ पासून फोनला एकापेक्षा जास्त भाषा क्रमाने सांगता येतात. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'भाषा' टाइप केलं की ती यादी सापडते. तिथे 'भाषा जोडा' करून इंग्रजी निवडायची. काही फोन लगेच विचारतात की ही मुख्य भाषा करू का. तिथे नाही म्हणायचं. शेवटी पहिल्या क्रमांकावर मराठी आणि दुसऱ्यावर इंग्रजी असं दिसलं पाहिजे. क्रम उलटा झाला असेल तर भाषेच्या नावापाशी बोट दाबून धरा आणि वर-खाली ओढा.

मग ॲप पूर्ण बंद करून परत उघडा. आईच्या फोनवर बाकी सगळं मराठीत राहिलं आणि हे एकच ॲप इंग्रजीत आलं. त्यानंतर घड्याळाचं ब्लूटूथ तोडून परत जोडलं, की ॲप भाषेचा कोड नव्याने पाठवतं. मी आईला मुद्दाम सांगितलं, "फोन घरात ठेव आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन ये." ती आली, जोडणी झाली, घड्याळ इंग्रजीच राहिलं. ही परीक्षा झाल्याशिवाय काम झालं असं समजू नका.

काही कंपन्यांच्या फोनमध्ये यादी नसते, एकच भाषा निवडता येते. फोन अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढचा असेल तर सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या माहितीच्या पानावर 'भाषा' असा पर्याय आहे का ते बघा. असेल तर फक्त त्या ॲपला इंग्रजी लावता येते. मात्र ॲप बनवणाऱ्याने तशी सोय ठेवली असेल तरच तो पर्याय दिसतो. आयफोनवरही सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या पानावर भाषा बदलता येते.

काहीच चाललं नाही तर ओळखायची अक्षरं

काही ॲप फोनची यादी जुमानत नाहीत, त्यांचं भाषेचं सेटिंग आतच असतं. अशा वेळी सगळी चिनी वाचायची गरज नाही, चार शब्द पुरतात. खालच्या पट्टीत सर्वांत उजवीकडे बहुधा 我的 म्हणजे 'माझं' असतं. त्यात 设置 म्हणजे सेटिंग्ज. त्यात 语言 म्हणजे भाषा, शेजारी कधी पृथ्वीचं चिन्ह. आत गेल्यावर भाषा बहुतेक आपापल्या लिपीतच लिहिलेल्या असतात, त्यामुळे English लगेच दिसतं. सर्वांत वर 跟随系统 असेल तर त्याचा अर्थ 'फोनप्रमाणे'. ते निवडू नका, नाहीतर परत पहिल्या घरात.

दोन शब्दांपासून मात्र लांब राहा. 恢复出厂设置 म्हणजे फॅक्टरी रीसेट. यातही शेवटी 设置 आहे, त्यामुळे घाईत सेटिंग्ज समजून दाबलं जातं. दुसरा 解绑 म्हणजे घड्याळ फोनपासून सोडवणं. चुकून दाबलं गेलं तरी घाबरू नका, बहुतेक ॲप आधी विचारतात. तिथे 取消 म्हणजे रद्द आणि 确定 म्हणजे नक्की. 取消 दाबून बाहेर या.

आणि घड्याळाच्या भाषेच्या यादीत फक्त 简体中文 असेल तर? मग ते घड्याळ फक्त चीनच्या बाजारासाठी बनवलेलं आहे. त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरी भाषाच नाही, त्यामुळे ॲपमध्ये काहीही बदललं तरी उपयोग नाही. कुठून तरी दुसऱ्या मॉडेलचं फर्मवेअर आणून घालायच्या भानगडीत पडू नका, घड्याळ कायमचं बंद पडू शकतं. परत करायची मुदत असेल तर सरळ परत करा.

तबकडी बदलताना

वॉचफेसला चिनीत 表盘 म्हणतात. 表 म्हणजे घड्याळ, 盘 म्हणजे तबकडी. आईसुद्धा वॉचफेसला तबकडीच म्हणते, त्यामुळे हा शब्द मला एका फटक्यात पाठ झाला.

भाषा इंग्रजी झाली तरी आईच्या तबकडीवर वार चिनीतच दिसत होता, 星期三 असा. कारण स्वस्त घड्याळांत तबकडी म्हणजे चित्रांचा गठ्ठा असतो. शून्य ते नऊ आकडे, सात वार, सगळी छोटी छोटी चित्रं. ज्याने ती बनवली त्याने वारांची फक्त चिनी चित्रं घातली असतील, तर भाषेचं सेटिंग तिथे पोचतच नाही. तबकडीच बदलायची. निवडताना जिच्यावर फक्त आकडे आहेत अशी घ्या.

नवी तबकडी घड्याळात जायला वेळ लागतो, कारण ती हळू चालणाऱ्या ब्लूटूथवरून तुकड्यातुकड्याने पाठवली जाते. मिनिट-दोन मिनिटं सहज जातात. तोवर ॲप उघडंच ठेवा, फोनचा पडदा बंद होऊ देऊ नका आणि घड्याळ फोनशेजारी ठेवा. आईचं पहिल्यांदा अर्ध्यावर थांबलं, कारण मध्येच माझा फोन आला आणि ॲप मागे गेलं. घड्याळ बंद करून चालू केल्यावर जुनी तबकडी परत दिसली, मग पुन्हा पाठवली. सुरुवातच होत नसेल तर घड्याळाचं चार्जिंग बघा. बॅटरी कमी असेल तर बरीच घड्याळं नवी तबकडी घेत नाहीत.

आणि मराठी?

घड्याळाच्या यादीत मराठी नव्हती, हिंदीही नव्हती. म्हणजे आत देवनागरी फॉन्ट नाही, मेसेज आला की चौकोन दिसतात. तुमच्या घड्याळात देवनागरी दिसत असेल तर स्वतःलाच 'किरण' असा मेसेज पाठवून बघा. पहिली वेलांटी क च्या आधी न येता नंतर आली, तर अक्षरं आहेत पण ती जुळवायची अक्कल घड्याळाला नाही. कसंबसं वाचता येईल, पण जोडाक्षरं तुटतील.

पण तबकडी चित्रच असते ना? मग तिला फॉन्ट लागतच नाही. जवळपास सगळ्या ॲपमध्ये स्वतःचा फोटो तबकडीला लावायची सोय असते. घड्याळाच्या डब्यावर पडद्याचं माप असतं, आईच्या घड्याळाचं २४० × २८० होतं. त्या मापाचं काळं चित्र फोनवरच बनवलं आणि खालच्या अर्ध्या भागात पिवळ्या ठळक अक्षरांत लिहिलं: 'सकाळी ८, बीपीची गोळी'. ॲपमध्ये वेळ वर दाखवायचा पर्याय निवडला, म्हणजे आकडे अक्षरांवर चढत नाहीत. चित्र पाठवलं.

आता आठ वाजता घड्याळ थरथरतं आणि इंग्रजीत काहीतरी येतं. आई ते वाचत नाही, सरकवून टाकते. पण खाली तबकडीवर मराठीत लिहिलेलं असतंच. काल विचारलं तर म्हणाली, "घेतली रे गोळी. आणि ते पिवळं जरा मोठं लिही, चष्म्याशिवाय दिसत नाही."

तेवढं आज रात्री करतो. भेटू पुढच्या भागात.