छापील किमतीतला जीएसटी कसा वेगळा काढावा

पाकिटावरच्या कमाल किरकोळ किमतीत सगळे कर आधीच धरलेले असतात. त्यातला जीएसटी किती, हे शोधताना बहुतेकांकडून एकच चूक होते. १८ टक्के कराचा मिक्सर १,४९९ रुपयांना घेतला, की १,४९९ चे १८ टक्के काढले जातात. उत्तर येते २६९.८२ रुपये, आणि ते चुकीचे असते.

कर आकारला जातो तो वस्तूच्या करपूर्व मूल्यावर. मूळ मूल्य १०० धरले तर त्यावर १८ चढून ग्राहक ११८ देतो. म्हणजे हातात असलेली रक्कम ११८ भागांची आणि त्यातले १८ भाग कराचे. म्हणून १,४९९ ला १८ ने गुणून ११८ ने भागायचे. कर २२८.६६ रुपये येतो आणि मूळ मूल्य १,२७०.३४ रुपये. केंद्रीय जीएसटी नियमावलीतल्या नियम ३५ मध्ये हीच रीत दिली आहे: करासहित रकमेला कराच्या दराने गुणायचे आणि १०० अधिक दर या बेरजेने भागायचे. १८ टक्क्यांचा कर एकूण किमतीच्या सव्वापंधरा टक्क्यांच्या आसपास भरतो. ५ टक्क्यांचा कर बरोबर एकविसावा हिस्सा असतो, त्यामुळे २१० रुपयांत १० रुपये कर.

उत्तर तपासणे सोपे आहे. निघालेल्या मूळ मूल्यावर पुन्हा कर लावावा. छापील किंमत परत यायला हवी. चुकीच्या रीतीने मूळ मूल्य १,२२९.१८ येते आणि त्यावर १८ टक्के चढवले तरी जेमतेम १,४५०.४३ होतात. जवळपास ४९ रुपयांचा हिशेब लागत नाही.

राज्यातल्या राज्यात झालेल्या विक्रीत हा कर केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मा-निम्मा दाखवला जातो. इथे पैशाचा घोळ होतो आणि बिल बनवणाऱ्याला तो चांगलाच छळतो. १८ टक्के दराच्या १०० रुपयांच्या वस्तूचे मूळ मूल्य ८४.७५ असे पूर्णांकित केले, तर त्यावर ९-९ टक्क्यांचे ७.६३ रुपये दोनदा येतात आणि बेरीज १००.०१ होते. त्यापेक्षा आधी दोन्ही कर काढावेत: १०० गुणिले ९ भागिले ११८, म्हणजे प्रत्येकी ७.६३. मग उरलेले ८४.७४ हे मूळ मूल्य मानावे. बेरीज नेमकी १०० राहते. भागाकारात ११८ च येतो, १०९ नाही, कारण किमतीत दोन्ही कर मिळून आहेत.

एकाच बिलात ५ आणि १८ टक्क्यांच्या वस्तू असतील, तर एकूण रकमेवरून कर निघत नाही. दरानुसार गट पाडून प्रत्येकाचा वेगळा काढावा लागतो. बिलातच दिलेली सूट आधी वजा करायची आणि उरलेल्या रकमेतून कर काढायचा. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला मात्र ग्राहकाकडून कर घेताच येत नाही, त्यामुळे त्याच्या बिलातून वेगळा काढण्याजोगा जीएसटी नसतो.