शेजारच्या प्रेसवर अपघात पाहिल्यानंतर

प्रेस शॉपमध्ये एखाद्याची बोटं प्रेसखाली गेली, की शेजारच्या मशीनवरच्या ऑपरेटरबद्दल हमखास ऐकू येतं, ‘त्याला कुठं काय लागलंय?’ पण गंभीर अपघात डोळ्यांदेखत घडणं हाही वैद्यकीय निकषांनुसार मानसिक आघातच. झोप उडणं, प्रेसच्या दणक्यानं दचकणं हे सुरुवातीला होतंच आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. महिना उलटला तरी तेच चालू असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं.

कामावर परतण्याबाबतचे गैरसमज मात्र एकमेकांच्या उलट आहेत. सुपरवायझर म्हणतो, ‘लगेच तिथंच उभा करा, भीती मोडते.’ घरचे म्हणतात, ‘त्या बाजूला फिरकूच नकोस.’ कायम टाळलं तर भीती तशीच राहते, कारण तिथं उभं राहून काहीच झालं नाही, हा अनुभवच मिळत नाही. आणि जबरदस्तीनं उभं केलं, तर माणूस ऐन घाबरलेला असताना पळतो आणि ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढंच मनावर ठसतं.

उपाय पायरीपायरीचा आहे. समजा, ऑपरेटर पहिल्यांदा जेवणाच्या सुट्टीत, प्रेस बंद असताना तिथं गेला. भीती दहापैकी सात. ती निम्म्यावर येईपर्यंत तो तिथंच थांबतो. कधी अर्धा तास लागतो, कधी जास्त. काही दिवसांनी सुरुवातीचा आकडाच घसरला, की पुढची पायरी: प्रेस दुसरा चालवतोय, हा बघतोय. मग स्वतः सोपा जॉब, शेवटी पूर्ण शिफ्ट. सुरुवातीला सोबती चालेल, पण पुढं एकट्यानं जमलं पाहिजे. दारू पिऊन किंवा नजर दुसरीकडं वळवून काढलेला वेळ यात धरू नये. मध्येच भान हरपून तो प्रसंगच पुन्हा घडतोय असं वाटलं, तर सराव तिथंच थांबवावा आणि पुढच्या पायऱ्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घ्याव्यात. अशा अवस्थेत प्रेसवर हात घालणं धोक्याचंच.

अपघातानंतर लगेच सगळ्यांना बसवून बारीकसारीक सांगायला लावलं की मन मोकळं होतं, असंही मानतात. अशा एकाच सक्तीच्या बैठकीनं पुढचा त्रास टळत नाही, हे अभ्यासांतून दिसलं आहे. ज्याला बोलायचंय त्याचं ऐकावं, एवढं पुरे.

आणि ही सगळी भीती मनातलीच असते, असंही नाही. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय स्लाइड खाली येता कामा नये. पण कामाचा वेग वाढावा म्हणून एक बटण तारेनं बांधून ठेवलेलं असेल, तर घाबरणारा ऑपरेटरच बरोबर आहे. जुन्या की-क्लचच्या प्रेसमध्ये स्ट्रोक सुरू झाला की मधेच थांबत नाही, त्यामुळं तिला प्रकाशपडद्याचा सेन्सर लावून भागत नाही; डायभोवती पक्कं गार्डच लागतं. म्हणून पहिल्या पायरीआधी मेंटेनन्सवाल्यानं ऑपरेटरसमोर, डाय रिकामी ठेवून, दोन्ही बटणं आळीपाळीनं, एका वेळी एकच दाबून दाखवावीत. स्लाइड हलली, तर पायऱ्यांचं नंतर बघू; आधी प्रेस बंद ठेवायची.