जोखमीतला कोणाचा वाटा किती?

समजा, शेअर फंडात 8 लाख आणि सोन्यात 6 लाख आहेत. दोन्हींचा रोजचा चढउतार साधारण 1 टक्का, आणि एकाच्या चालीचा दुसऱ्याशी संबंध नाही (बाजार कोसळतो तेव्हा हे गृहीतक टिकेलच असं नाही). 95 टक्के खात्रीने एका दिवसाचा ‘व्हॅल्यू अ‍ॅट रिस्क’ सुटा काढला तर 13,200 आणि 9,900 रुपये येतो. एकत्र मात्र 16,500च.

फंडात आणखी एक रुपया घातला तर ही जोखीम 1.32 पैशांनी वाढते, सोन्यात घातला तर 0.99 पैशांनी. हा झाला सीमांत आकडा. त्याला गुंतवलेल्या रकमेने गुणलं की प्रत्येकाचा वाटा हाती येतो: 10,560 आणि 5,940. बेरीज बरोबर 16,500.

गफलत इथून पुढे होते. सगळं सोनं विकलं तर 5,940 ची जोखीम जाईल असं वाटतं. पण उरतात 13,200, म्हणजे घट फक्त 3,300 ची. सोनं कमी होत जातं तसा त्याचा सीमांत आकडाही उतरत जातो.